नळी निघाल्यानंतरचा श्वास

अपुऱ्या दिवसांचे बाळ एनआयसीयूतून घरी जाताना नाकाला ऑक्सिजनची नळी लावून गेले, तर घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही नळी कधी निघणार? डॉक्टर त्याचे उत्तर महिन्यांत देतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही ठरते. अशा बाळांपैकी बहुतेकांचा ऑक्सिजन पहिल्या एक-दोन वर्षांत सुटतो. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा कोणी विचारत नाही. नळी निघाली म्हणजे फुप्फुस बरे झाले का? गेल्या पन्नास-साठ वर्षांतला अभ्यास पाहिला तर ही दोन वेगवेगळी मोजमापे आहेत, असे दिसते. आज रक्तात पुरेसा प्राणवायू पोचतो का, हे ऑक्सिजनच्या गरजेवरून कळते. दहा वर्षांनी ते मूल धावताना किती हवा बाहेर फेकू शकेल, हे त्यावरून फारसे कळत नाही. या आजाराच्या व्याख्येवरचा, घरच्या ऑक्सिजनवरचा आणि शाळकरी वयातल्या श्वसनावरचा वाद या एका फरकाभोवती फिरतो. म्हणून आढावाही त्याच क्रमाने घेणे सोयीचे आहे.

आजार एक, रूपे दोन

‘ब्रॉन्कोपल्मनरी डिसप्लेसिया’, म्हणजे बीपीडी, हे नाव १९६७ साली विल्यम नॉर्थवे आणि त्यांच्या स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी ३२ बाळांचे वर्णन केले. जन्मतःच श्वसनाचा तीव्र त्रास असलेली ही बाळे व्हेंटिलेटरवर होती आणि त्यांना ८० ते १०० टक्के ऑक्सिजन दीडशे तासांहून अधिक काळ दिला गेला होता. जी जगली, त्यांच्या फुप्फुसांत व्रण, सूज आणि तंतुमय गाठी दिसल्या. कुठे फुप्फुस फुगलेले, तर कुठे दबलेले होते. आजच्या मानाने ही बाळे बरीच मोठी होती, बहुतेक ३२ आठवड्यांच्या आसपासची किंवा त्याहून पुढची. त्यांचे फुप्फुस बऱ्यापैकी घडलेले होते आणि त्याला बाहेरून इजा झाली होती. ही इजा करणारे दोन घटक होते, व्हेंटिलेटरचा दाब आणि ऑक्सिजनचा मारा.

पुढे दोन उपचार आले आणि चित्र पालटले. गर्भवतीला प्रसूतीपूर्वी स्टेरॉइड दिले तर बाळाचे फुप्फुस लवकर पिकते, हे न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवले. जपानमध्ये फुजिवारा आणि सहकाऱ्यांनी १९८० साली बाळाच्या श्वासनलिकेत बाहेरून सरफॅक्टंट सोडून पाहिले. वायुकोश मिटू न देणारे हे द्रव्य अपुऱ्या दिवसांच्या बाळात कमी असते. या उपचारांमुळे ३२ आठवड्यांच्या बाळाला बीपीडी होणे दुर्मीळ झाले. पण त्याच उपचारांमुळे २४ ते २८ आठवड्यांची बाळेही जगू लागली आणि बीपीडी त्यांच्याकडे सरकला. या वयात फुप्फुसात खरे वायुकोश नसतात, मोठ्या पिशव्यांसारख्या पोकळ्या असतात. त्या पोकळ्यांत पडदे उभे राहून वायुकोश तयार होण्याचे काम मुख्यतः ३६ आठवड्यांनंतर सुरू होते आणि जन्मानंतर काही वर्षे चालते. चोविसाव्या आठवड्यात हवेत आलेल्या फुप्फुसाचा हा क्रमच तुटतो. पोकळ्या मोठ्या आणि संख्येने कमी राहतात, रक्तवाहिन्यांचे जाळेही विरळ राहते. ॲलन जोब यांनी १९९९ साली याला ‘नवा बीपीडी’ म्हटले. जुन्या रूपात घडलेले फुप्फुस बिघडत होते. नव्या रूपात फुप्फुसाचे घडणेच अर्धवट थांबते.

एक बाळ, चार व्याख्या

आजाराचे रूप बदलले, तरी तो ओळखण्याची खूण मात्र ऑक्सिजनचीच राहिली. १९७०च्या दशकाअखेरीस २८ दिवसांनंतरही ऑक्सिजन लागणे ही कसोटी रूढ झाली. पण पंचविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला २८ दिवसांनी ऑक्सिजन लागणारच. तो आजार की नुसते अपुरेपण, हे त्यावरून ठरत नव्हते. १९८८ साली टोरंटोच्या शेनन आणि सहकाऱ्यांनी सुचवले की जन्मापासूनचे दिवस मोजू नयेत, गर्भवय ३६ आठवडे भरेल त्या दिवशी पाहावे. पुढच्या श्वसनत्रासाचा अंदाज त्यावरून अधिक चांगला येत होता. २००१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या कार्यशाळेने त्याला सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा पायऱ्या जोडल्या. २००४ साली मिशेल वॉल्श यांनी विचारले की ऑक्सिजन लावलेला आहे म्हणजे तो लागतोच, हे कशावरून? त्यांनी तो पायरीपायरीने कमी करून साध्या हवेत अर्धा तास संपृक्तता ९० टक्क्यांवर टिकते का, हे पाहिले. तेव्हा बीपीडीचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आले. बाळे तीच होती, फक्त मोजण्याची रीत बदलली होती. २०१९ साली एरिक जेन्सन यांच्या गटाने ऑक्सिजनची टक्केवारीच बाजूला ठेवली आणि ३६ आठवड्यांना बाळाला कोणत्या प्रकारचा श्वसनाधार लागतो, यावर श्रेणी लावली.

याचा व्यवहारात काय अर्थ होतो, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, सव्विसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ ३६ आठवडे भरताना दोन किलोचे झाले आहे आणि नाकातल्या नळीतून त्याला मिनिटाला पाव लिटर शुद्ध ऑक्सिजन मिळतो. हा ऑक्सिजन आत जाताना आजूबाजूच्या हवेत मिसळतो. एका श्वासात बाळ किलोमागे साधारण साडेपाच मिलिलिटर, म्हणजे ११ मिलिलिटर हवा घेते आणि श्वास आत घ्यायला त्याला सुमारे ०.३ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात नळीतून सव्वा मिलिलिटर ऑक्सिजन येतो, बाकी साधी हवा असते. दोन्ही मिळून बाळाला प्रत्यक्षात ३० टक्के ऑक्सिजन मिळतो. २००१च्या व्याख्येत ३० टक्के किंवा अधिक म्हणजे ‘तीव्र’ बीपीडी. परिचारिकेने प्रवाह ०.२ लिटरवर आणला आणि बाळाने तो सोसला, तर हिशेब २८ टक्क्यांवर येतो आणि तेच बाळ ‘मध्यम’ होते. २०१९च्या पद्धतीत दोन लिटरपर्यंतची नळी ही पहिली, सर्वांत सौम्य श्रेणी असल्याने ते दोन्ही वेळा तिथेच बसते. आणि वॉल्श यांची चाचणी ते उत्तीर्ण झाले तर त्याला बीपीडी नाहीच. फुप्फुस तेच असताना चार कागदांवर चार निदाने येतात. ऑक्सिजन हे उपचाराचे साधन आहे, त्यालाच निदानाची खूण केले की वॉर्डातल्या सवयी आजाराच्या आकडेवारीत शिरतात.

घरी ऑक्सिजन: कोणाला आणि किती

घरी ऑक्सिजन देण्यामागचे कारण सरळ आहे. संपृक्तता वारंवार घसरत राहिली तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तिथला दाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. ज्या बाळांच्या रक्तवाहिन्यांचे जाळे आधीच विरळ आहे, त्यांना हा ताण सोसत नाही. शिवाय दूध पिताना धाप लागणारे बाळ अर्धवट पिऊन झोपते आणि वजन थांबते. म्हणून ऑक्सिजन द्यावा, यावर दुमत नाही. मतभेद आहे तो किती संपृक्तता राखायची यावर.

एका बाजूच्या मते किंचित जास्तच असलेली बरी. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २००९च्या सूचनांत संपृक्तता ९३ टक्के किंवा अधिक ठेवावी असे आहे, कारण सरासरी त्याहून खाली गेली की झोपेत आणि दूध पिताना होणारी घसरण झपाट्याने वाढते. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०१९ साली एक वर्षाखालील मुलांसाठी कमतरतेची रेषा ठरवली: नोंदीच्या ५ टक्के वेळ संपृक्तता ९० टक्के किंवा त्याखाली असणे, किंवा वेगवेगळ्या तीन वेळी तशी सापडणे. युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीने २०२० साली किमान ९० टक्क्यांचे लक्ष्य सुचवले. मात्र आपल्या शिफारशींमागचा पुरावा कमकुवत आहे, हे या मार्गदर्शिकांनी स्वतःच नोंदवले आहे.

दुसऱ्या बाजूचा आधार ऑस्ट्रेलियातली ‘बूस्ट’ चाचणी आहे. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. तीस आठवड्यांआधी जन्मलेली आणि ३२ आठवड्यांनाही ऑक्सिजनवर असलेली ३५८ बाळे दोन गटांत विभागली होती. एका गटाची संपृक्तता ९१ ते ९४ टक्के ठेवली, दुसऱ्याची ९५ ते ९८. वर्षभरानंतर वाढीत किंवा विकासात फरक सापडला नाही. पण वरच्या गटातल्या ३० टक्के बाळांना घरी ऑक्सिजन लागला, खालच्या गटात १७ टक्क्यांना. याचा अर्थ घरी ऑक्सिजनवर गेलेल्या काही बाळांना तो फुप्फुसामुळे लागला नव्हता, लक्ष्य उंच ठेवल्यामुळे लागला होता. या चाचणीचा एक धडा मात्र जपून घ्यावा लागतो. जन्मल्याबरोबरच्या आठवड्यांत ८५ ते ८९ टक्क्यांचे खालचे लक्ष्य ठेवले, तर डोळ्याच्या पडद्याचा आजार कमी होतो, पण मृत्यू वाढतात, हे नंतरच्या मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणाने दाखवले. म्हणून ‘कमी म्हणजे चांगले’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ९१ आणि ९५ यांच्यामधल्या पट्ट्यात वाद खुला आहे आणि ९० च्या खाली तो संपतो, इतकेच म्हणता येते.

नळी काढण्याच्या रीतीतही एकवाक्यता नाही. कोणी आधी दिवसाचा ऑक्सिजन बंद करून रात्रीचा ठेवतात, कोणी चोवीस तास ठेवून प्रवाह हळूहळू उतरवतात. अनेकदा काहीच न करताही काम होते. आपल्या उदाहरणातले बाळ चार किलोचे झाले आणि प्रवाह पाव लिटरच राहिला, तर त्याच हिशेबाने त्याला आता ३० ऐवजी साधारण २५ टक्के ऑक्सिजन मिळतो. बाळ वाढते तसा ऑक्सिजन आपोआप उतरतो; फक्त संपृक्तता टिकते आहे, याची खात्री करावी लागते. ती दवाखान्यात दहा मिनिटे बोट-मापक लावून होत नाही, कारण जागे, शांत बाळ चांगले आकडे दाखवते. घसरण झोपेत आणि दूध पिताना दिसते. अमेरिकेत लॉरेन्स राइन आणि सहकाऱ्यांनी घरी रात्रभराची नोंद करून, तिच्या आधारे ऑक्सिजन उतरवून पाहिला. त्या मुलांचा ऑक्सिजन नेहमीच्या पद्धतीच्या मानाने सुमारे तीन आठवडे आधी सुटला.

महाराष्ट्रातल्या घरांत या सगळ्याला काही व्यावहारिक अटी जडतात. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो आणि ९० ते ९५ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देतो. त्याचा नेहमीचा प्रवाहमापक मोठ्या माणसांसाठी असतो. पाव लिटरवर तो विश्वासाने वाचता येत नाही, लहान मुलांचा वेगळा मापक लावावा लागतो. वीज गेल्यावर सिलिंडर लागतो. सुमारे १५०० लिटर वायूचा बी-टाइप सिलिंडर पाव लिटर प्रवाहाने शंभर तास, म्हणजे चार दिवस पुरतो. भारनियमन असलेल्या गावातही ही सोय जमण्यासारखी आहे. देवघरातले निरांजन, उदबत्ती आणि चूल नळीपासून दूर ठेवावी लागते, कारण ऑक्सिजनमुळे आग भडकते. शिवाय धुराने तीच फुप्फुसे पुन्हा दुखावतात.

ऑक्सिजन सुटल्यावर

आता दुसरे मोजमाप. पाच-सहा वर्षांपासून मूल स्पायरोमेट्री करू शकते. त्यात खोल श्वास घेऊन तो जोराने सोडायचा असतो आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, हे पाहायचे असते. श्वासनलिका अरुंद असतील तर हा आकडा खाली येतो. कार्डिफच्या कोटेचा आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र केले. पूर्ण दिवसांच्या मुलांच्या तुलनेत, अपुऱ्या दिवसांच्या पण बीपीडी नसलेल्या मुलांत हा आकडा सरासरी ७ टक्क्यांनी कमी होता. ३६ आठवड्यांना ऑक्सिजन लागलेल्या मुलांत तो १९ टक्क्यांच्या आसपास कमी होता. ब्रिटनमध्ये १९९५ साली सव्वीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा ‘एपिक्युअर’ अभ्यास झाला. त्यात अकराव्या वर्षी निम्म्याहून अधिक मुलांची स्पायरोमेट्री सदोष होती, पण दम्याचे निदान एकूण मुलांपैकी चौथ्या हिश्शालाच मिळालेले होते. म्हणजे दोष असलेली बरीच मुले कोणाच्याही यादीत नव्हती.

नळी निघूनही हा दोष का राहतो, याचे एक पटणारे स्पष्टीकरण फुप्फुसाच्या घडणीत आहे. वायुकोश जन्मानंतरही तयार होतात. लेस्टरच्या अभ्यासकांनी १० ते १४ वर्षांच्या मुलांना हेलियम वायू हुंगायला देऊन एमआरआयने वायुकोशांचा आकार मोजला. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत, बीपीडी झालेल्यांतही, तो इतरांसारखाच निघाला. उलट श्वासनलिकांच्या फांद्या गर्भाच्या सतराव्या आठवड्याच्या सुमारासच फुटून झालेल्या असतात. जन्मानंतर नवी फांदी फुटत नाही, असलेलीच रुंदावते. तिच्या भिंतीला लवकर इजा झाली तर ती अरुंदच वाढते. ऑक्सिजनची गरज मुख्यतः वायुकोशांवर अवलंबून असते आणि वायुकोश भरून निघतात. जोराने सोडलेला श्वास नलिकांवर अवलंबून असतो, आणि त्या मागे राहतात. दोन मोजमापांची फारकत इथे होते.

यात लेक्स डॉयल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडलेला ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातला निष्कर्ष विचार करायला लावतो. १९९१-९२, १९९७ आणि २००५ साली २८ आठवड्यांआधी जन्मलेल्या मुलांच्या तीन पिढ्या त्यांनी आठव्या वर्षी तपासल्या. मधल्या काळात घशात नळी न घालता नाकातून दाब देण्याची पद्धत वाढली होती. तरीही २००५च्या मुलांची स्पायरोमेट्री आधीच्यांपेक्षा वाईट निघाली. सौम्य साधने म्हणजे सौम्य परिणाम, ही अपेक्षा खरी ठरली नाही. उलट बाजूला कॅफीनचा पुरावा आहे. श्वास थांबू नये म्हणून दिलेल्या या औषधाने २००६च्या मोठ्या चाचणीत बीपीडीचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर आणले, आणि अकराव्या वर्षी तपासलेल्या त्या मुलांचा श्वासाचा प्रवाहही चांगला होता. पहिल्या आठवड्यांत केलेल्या गोष्टीचा परिणाम दहा वर्षांनी दिसू शकतो, पण कोणत्या गोष्टीचा दिसेल हे आधी सांगता येत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की ही फारकत फुगवून सांगितली जाते. कोटेचांच्याच आकड्यांत ऑक्सिजन लागलेल्या मुलांची स्पायरोमेट्री अधिक खाली आहे; मग ऑक्सिजन भविष्य सांगतोच की. गटाबद्दल हे खरे आहे. पण त्याच आकड्यांत ऑक्सिजन न लागलेली मुलेही सात टक्के मागे आहेत आणि संख्येने ती कितीतरी अधिक आहेत. ऑक्सिजन हीच एकमेव गाळणी ठेवली तर ती सगळी निसटतात. दुसरीकडे, ज्यांना तो दीर्घकाळ लागला त्यांच्यातही काही जण शाळेत इतरांबरोबर धावतात. गटाची सरासरी एका मुलाचे भाकीत करायला पुरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. उपाय नसेल तर मोजून काय साधणार? काही वर्षांपूर्वी याला उत्तर नव्हते. ही मुले दम्याची समजून पंप दिला जाई आणि फायदा अनिश्चित राही. घरघर ऐकून ‘बाळदमा आहे, मोठेपणी जाईल’ असे म्हणण्याची आपली रीतही त्यात भर घालते. दम्यात ॲलर्जीची सूज प्रमुख असते. या मुलांत ती बहुधा नसते, नलिकाच अरुंद असतात. पण अलीकडच्या दोन चाचण्यांनी थोडी वाट मोकळी केली आहे. कार्डिफच्या गटाने २०२२ साली फुप्फुसक्षमता कमी असलेल्या शाळकरी मुलांना स्टेरॉइड आणि नलिका रुंदावणारे औषध यांचा एकत्र पंप बारा आठवडे दिला. त्यांची स्पायरोमेट्री ठळकपणे सुधारली. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या स्टेरॉइडच्या पंपाने बारा आठवड्यांत सुधारणा झाली, पण ती माफक होती. म्हणजे काही मुलांत दुरुस्त होण्याजोगा भाग आहे. तो कोणात आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही. औषध न देताही मोजण्याचा एक उपयोग राहतो. फुप्फुसाची क्षमता विशीत शिखर गाठते आणि मग उतरते. ज्याचे शिखरच ठेंगणे आहे, त्याच्यासाठी विडी-सिगारेट किंवा धुराचे काम यांचा हिशेब इतरांपेक्षा वेगळा असतो, आणि हे त्या मुलाला वेळेत कळायला हवे.

अनिर्णित काय

तीन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. घरच्या ऑक्सिजनमुळे मूल दीर्घकाळात चांगले होते का, हे थेट तपासलेले नाही. तीव्र कमतरता असलेल्या बाळाला ऑक्सिजन न देण्याची चाचणी नीतीने होऊच शकत नाही. ९१ आणि ९५ यांची तुलना मात्र होऊ शकते. घरच्या ऑक्सिजनवर गेलेल्या आणि न गेलेल्या, शक्य तितक्या सारख्या अमेरिकन बाळांची तुलना २०१९ साली झाली. तीत वजनवाढीत किंचित फायदा दिसला, विकासात फरक दिसला नाही आणि दवाखान्याच्या खेपा मात्र वाढल्या. दुसरे, वाढत्या वयात या मुलांची क्षमता इतरांना समांतर राहते की मागे पडत जाते, यावर अभ्यासांत मेळ नाही. तिसरे, पंपाने मिळालेला बारा आठवड्यांचा फायदा बारा वर्षे टिकतो का, हे कोणी पाहिलेले नाही.

चौथी गोष्ट संशोधनापेक्षा व्यवस्थेची आहे. नळी साधारण पहिल्या-दुसऱ्या वर्षी निघते आणि पहिली स्पायरोमेट्री पाचव्या-सहाव्या वर्षी शक्य होते. तान्ह्या बाळाची फुप्फुसचाचणी गुंगी देऊन करावी लागते, म्हणून ती फारशी होत नाही. मधल्या तीन-चार वर्षांत ते मूल कोणत्याच मोजमापाखाली नसते. याच काळात श्वासनलिका वाढत असतात आणि विषाणूंचे आजार, घरातला धूर यांचा मारा त्यांच्यावर होत असतो. सहाव्या वर्षी धावताना त्याला धाप लागली, तर समोरच्या डॉक्टरला सव्विसाव्या आठवड्याच्या जन्माची, पाव लिटरच्या प्रवाहाची किंवा ऑक्सिजन बंद केल्याच्या तारखेची बहुधा माहिती नसते. ऑक्सिजन बंद करतानाच या नोंदी आणि पुढच्या स्पायरोमेट्रीचे वर्ष फाइलवर लिहून ठेवले, तर ती फाइल मुलाबरोबर शाळेपर्यंत पोचू शकते.